चौथ्यांदा लिहिलेल्या नोट्स: थांबायचं कधी?

जांभळी_शाई

राज्यसेवा पूर्वला अकरा आठवडे उरलेत. पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसते, त्यामुळे तास कमी पडतात अशी तक्रार नाही. माझी अडचण वेगळीच आहे.

राज्यघटनेच्या नोट्सची माझी ही चौथी वही. पहिली १८० पानांची झाली, दुसरी ९०, तिसरी ६०. चौथी ५२ पानांवर आलीये आणि अजून मूलभूत कर्तव्यांच्या पानावरचा तक्ता मनासारखा झालेला नाही. तिसरी आणि चौथी शेजारी ठेवून पाहिल्या तर खरं सांगायचं तर मजकूर तोच आहे. चौथीत रेघा पट्टीने मारल्यात आणि कलमांचे आकडे जांभळ्या शाईत आहेत, एवढंच.

परवा मेसमध्ये जेवताना मैत्रिणीने सहज विचारलं, "राष्ट्रीय आणीबाणीच्या उद्घोषणेला संसदेची मंजुरी किती दिवसांत लागते गं?" मला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं. डावीकडचं पान, वरून तिसरी ओळ, गुलाबी हायलाइटर. आकडा मात्र आठवेना. चार वेळा हाताने लिहिलेली ओळ!

नोट्स "झाल्या" असं कधी समजायचं? की माझी पद्धतच चुकतेय?

खरडवही_१२

ताई, जांभळी शाई कुठल्या पेनाची? माझं जेल पेन पानाच्या मागे उमटतं. आणि वही झाली की पीडीएफ टाका ना इथे.

पंचगंगाकाठ

मी वेगळं सांगतो, पटलं तर घ्या. लिहिल्याशिवाय लक्षात राहत नाही. मी विक्रीकर निरीक्षकाची परीक्षा दिली तेव्हा प्रत्येक विषय पाच-पाच वेळा लिहून काढला होता आणि पहिल्याच झटक्यात निघालो. हल्लीच्या पोरांना लिहायचा कंटाळा येतो म्हणून नवनवीन पद्धती निघतात. तुम्ही लिहीत राहा. पाचव्या वेळी बसेल.

तळटीप

भाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धं. १८० पानांच्या ९० करताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे दर ओळीला ठरवावं लागतं. ते ठरवणं हाच अभ्यास. ६० च्या ५२ करताना ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं, डोळा जुन्या वहीवरून उचलतो आणि हात नव्या वहीत ठेवतो. मधे डोक्याची गरज पडत नाही. मी स्वतः दोन पूर्व परीक्षा अशाच घालवल्या, म्हणून हे ठाम सांगतोय.

जांभळी_शाई, माझी कसोटी साधी आहे. लिहिताना आधीची वही समोर उघडी असेल तर ती नक्कल. एखादं टिपण दुसऱ्यांदा आटोपशीर झालं की त्याला हात लावायचा नाही, आणि पुढचा प्रत्येक बदल एखाद्या चुकीतून आला पाहिजे. चूक कळायची तर आधी न बघता लिहायला हवं.

आज रात्री काही वाचू नका. उद्या सकाळी वही पिशवीत ठेवा, एक कोरा ए-फोर कागद घ्या आणि तीन आणीबाण्यांचा तक्ता काढा. वर तीन रकाने: राष्ट्रीय ३५२, राष्ट्रपती राजवट ३५६, आर्थिक ३६०. डावीकडे सहा ओळी: कारण, किती दिवसांत मंजुरी, कोणतं बहुमत, एका मंजुरीने किती काळ, कमाल मर्यादा, मागे कशी घेतात. अठरा घरं, पंधरा मिनिटं. प्रत्येक उत्तरापुढे "ख" किंवा "अं" लिहा, म्हणजे खात्री की अंदाज. ते वही उघडायच्या आधी लिहायचं. मग लाल पेनाने तपासा आणि इथे सांगा. तक्ता सुंदर काढू नका, हात पट्टीकडे गेला तर पट्टी मैत्रिणीकडे द्या.

निवृत्त_मास्तर

क्षमस्व, पण हा घोकंपट्टीचाच प्रकार नव्हे काय? राज्यघटना समजून घ्यायची असते. तक्त्यातली अठरा घरं भरता आली म्हणजे घटना कळली असं थोडंच आहे? मी तेहेतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. मुलं कलमं धडाधड म्हणायची आणि "का" विचारलं की गप्प.

तळटीप

सर, "का" हवंच. पण ते कळलेलं असूनही ऐन वेळी आठवत नाही, तिचं दुखणं हे आहे. १९७५ ची आणीबाणी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून लागली आणि मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली, हे तिला नक्की माहीत असणार. म्हणून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने "अंतर्गत अशांतता" काढून "सशस्त्र उठाव" घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला, मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एकावर आणली आणि विशेष बहुमत आणलं. ही गोष्ट तिने कागदावर न बघता सांगितली तर चार घरं आपोआप भरतात. तुमचा "का" कोऱ्या कागदावर जास्तच उपयोगी पडतो.

जांभळी_शाई

केलं. लाज वाटतेय पण सांगते.

अठरापैकी बरोबर सात, चूक पाच, कोरी सहा.

बरोबर आलेली: तिन्हींची कारणं, ३५२ चे सहा महिने आणि त्याला कमाल मर्यादा नाही हे, ३५६ ला दोन महिन्यांत मंजुरी आणि सहा महिने.

चुका: ३५२ च्या मंजुरीला "दोन महिने" लिहिलं, आणि पुढे ठसठशीत "ख". बहुमतात नुसतं "दोन तृतीयांश". मागे घ्यायला "दोन्ही सभागृहांचा ठराव". ३५६ ला विशेष बहुमत. ३६० ची कमाल मर्यादा तीन वर्षं.

३५६ ची कमाल मर्यादा आणि ती मागे कशी घेतात ही दोन घरं कोरी, आणि ३६० चा उरलेला सगळा रकाना कोरा. ३५६ च्या मुदतवाढीचा माझा प्रवाहतक्ता अख्ख्या वहीत सगळ्यात देखणा आहे. बाणांचे रंग आठवले. बाणांच्या टोकाला काय होतं ते नाही.

हे बघून पहिला विचार काय आला माहितीये? ते पान पुन्हा नीट लिहायला हवं.

तळटीप

तो विचार आला हे कबूल केलंत, बरं झालं. पान लिहू नका. चुका बघू, प्रत्येकीची जात वेगळी आहे.

आधी "दोन महिने". हा आकडा तुमच्या डोक्यात आला कुठून? वहीत बघून सांगा, माझा अंदाज आहे.

जांभळी_शाई

बाप रे. गुलाबी ओळ अशी आहे: "पूर्वी दोन महिने, ४४व्या घटनादुरुस्तीने एक महिना". हायलाइटर "पूर्वी दोन महिने" वर फिरलाय. चौथ्या वहीत ते शब्द मी ठळकसुद्धा केलेत.

तळटीप

म्हणजे चार वेळा सजवून तुम्ही रद्द झालेला आकडा पाठ केलात. वही कितीही वेळा वाचली असती तरी हे कळलं नसतं, कारण वाचताना दोन्ही आकडे समोर असतात आणि दोन्ही ओळखीचे वाटतात. "ख" लिहून चुकलेलं घर सगळ्यात महाग. पूर्व परीक्षेत चुकलेल्या उत्तराला पाव हिस्सा गुण कापतात. अंदाज असेल तर माणूस प्रश्न सोडतो तरी, खात्रीने चुकणारा थांबत नाही.

३६० च्या घरातली "तीन वर्षं" ही दुसरी जात. आकडा आठवला, घर चुकलं. तीन वर्षं ही ३५६ ची मर्यादा, आणि नेमकं तेच घर तुम्ही कोरं सोडलंय. ३६० ला एकदा दोन महिन्यांत साध्या बहुमताने मंजुरी मिळाली की ती मागे घेईपर्यंत चालते, मर्यादा नाही. ती आजवर लागलेलीच नाही, म्हणून तिच्याभोवती गोष्ट नाही आणि रकाना कोरा राहतो. अशा अदलाबदलीवर उपाय म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून स्वतःला विचारणं: ३५६ ला मर्यादा का आणि ३६० ला का नाही? एक-एक वेगळं पाठ करून ही चूक जात नाही.

"दोन तृतीयांश" हे अर्धं उत्तर. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. परीक्षेत पर्यायात यातलाच एक तुकडा टाकून फसवतात.

मागे घेण्याचं: राष्ट्रपती कधीही दुसरी उद्घोषणा काढून मागे घेऊ शकतात, आणि ३५२ ला एकट्या लोकसभेने साध्या बहुमताने नापसंतीचा ठराव केला तरी ती मागे घ्यावीच लागते. राज्यसभा लागत नाही.

आता वहीत काय करायचं: "पूर्वी दोन महिने" वर एक आडवी रेघ मारा. तो देखणा प्रवाहतक्ता कोऱ्या कागदाने झाका आणि वर प्रश्न लिहा, "एका वर्षानंतर वाढवायला कोणत्या दोन अटी?" बाकी काही नाही. दहा मिनिटांचं काम. पुढचा कागद तीन दिवसांनी, त्याच्या पुढचा दहाव्या दिवशी. मधे राज्यपाल, वित्त आयोग वगैरे करा, म्हणजे आणीबाणी जरा विसरेल. विसरू द्यायचंच आहे. वाचल्या वाचल्या कागद काढला तर अठराच्या अठरा येतील आणि पुन्हा तीच फसगत.

मनकवडा_नाही

मानसशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून एक भर. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग नेमका यावर आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांचं ४० वर आलं, आठवणाऱ्यांचं ६१ वर राहिलं. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होतं. ताईंना अभ्यासिकेतून उठताना "आज छान झालं" वाटतं ते या पाच मिनिटांतलं.

औषधांची_यादी

माझं ऐका, मी याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने पडले. एमबीबीएसचं दुसरं वर्ष, फार्माकॉलॉजी. नोट्स सोडा, स्वतःला विचारा असं सगळे सांगत होते म्हणून फ्लॅशकार्डाचं अ‍ॅप घेतलं. दोन महिन्यांत नऊशे कार्डं केली. प्रत्येक औषधाला वेगळा रंग, रेणूचं चित्र, टॅग. रात्री बारापर्यंत कार्डंच बनवत बसायचे. उजळणीला रोज दोनशे कार्डं साचायची, ती "उद्या". परीक्षेत बीटा ब्लॉकर दम्याच्या रुग्णाला का टाळायचे हे लिहिताना कार्डाची निळी चौकट आठवली! त्यामुळे तळटीप, कोरा कागद ठीक, पण नुसतं साधन बदलून सवय जात नाही. मी शेवटी नियम केला की काल चुकलेलं सोडून नवीन कार्ड करायचं नाही. आता साडेतीनशे आहेत, दिसायला भिकार आहेत.

पंचगंगाकाठ

मंडळी, मी अजून सहमत नाही. मग मी पास झालो तो कसा? पाच वेळा लिहिलं हे खोटं नाही.

तळटीप

भाऊ, खोटं कोण म्हणतंय? एकच विचारतो. दुसऱ्या वेळेपासून लिहिताना पहिली वही कुठे असायची?

पंचगंगाकाठ

वडिलांकडे. ते वही हातात घेऊन समोर खुर्चीत बसायचे, मी पाटीवर लिहायचो. चुकलं की "पूस" म्हणायचे. ते शिक्षक होते ना. मग?

मनकवडा_नाही

मग काय भाऊ, तुम्ही तळटीपांच्याच बाजूचे निघालात 😀

पंचगंगाकाठ

हम्म. वहीतून बघून लिहायची सोय नव्हतीच तेव्हा, हे खरं. तरी हाताने लिहिण्याचा काहीच उपयोग नाही असं मी मानणार नाही.

औषधांची_यादी

तसं कुणी म्हटलेलंच नाही, काका. पाटीवरचं लिहिणंही हातानेच होतं.

शनिवार_पेठी

वेगळा मुद्दा. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीये. तिथे तक्त्यातली घरं भरून भागत नाही, उत्तर मांडावं लागतं. मांडणीसाठी नोट्स नीटनेटक्या लागतातच. पूर्वला ही पद्धत चालेल, मुख्यला मला शंका आहे. आणखी एक: पूर्वला चार पर्याय समोर असतात. मग कोऱ्या कागदावर सगळं आठवायची एवढी मेहनत कशाला? मी थेट मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवतो.

तळटीप

दुसरं आधी. पर्याय समोर असले की ओळखीचा चेहरा दिसतो आणि आठवल्यासारखं वाटतं. "एक महिना, दोन महिने, सहा महिने, चौदा दिवस" या चारांत जांभळी_शाईला "दोन महिने" लगेच ओळखीचं वाटलं असतं. प्रश्नपत्रिका सोडवाच, पण पर्यायांवर कागदाची पट्टी ठेवून आधी उत्तर मनात म्हणा, मग पट्टी काढा. "खालीलपैकी कोणती विधाने बरोबर" अशा प्रश्नाला ही युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक विधानापुढे स्वतंत्र चूक-बरोबर करून मग पर्याय बघायचे. आणि तीच प्रश्नपत्रिका तिसऱ्यांदा सोडवून ९० आले तर ते राज्यघटनेचे नाहीत, प्रश्नपत्रिका पाठ झालीये.

मुख्यबद्दल मी ठाम बोलणार नाही, मी दिली तेव्हा ती वस्तुनिष्ठ होती. माझ्या मते मांडणीचा सरावही वही मिटून उत्तर लिहूनच होईल, पण तिथे टिपणाला किती वेळ द्यावा हे अलीकडे दिलेल्यांनी सांगावं.

शनिवार_पेठी

पट्टीची युक्ती करून बघतो. मुख्यबद्दल माझं मत कायम.

निवृत्त_मास्तर

एक शंका. एखाद्या मुलाला कोऱ्या कागदावर अठरापैकी दोनच घरं आली तर? त्याला रोज कोरा कागद दिला तर तो खचेल.

तळटीप

बरोबर पकडलंत सर. तिसरा हिस्साही आला नाही तर ती आठवणीची चूक नाही, विषय मुळात बसलेलाच नाही. तिथे कागद बाजूला ठेवून मूळ पुस्तकाचं प्रकरण पुन्हा वाचायचं, शक्य असेल तर तुमच्यासारख्या कुणाकडून समजून घ्यायचं. अर्ध्याच्या आसपास आलं तर मात्र पुन्हा वाचायला बसू नये, चुकलेली घरंच बघावीत. जांभळी_शाई सातवर होती, म्हणजे काठावर. तिला मी पुढे ढकललं, कारण कारणं तिन्ही बरोबर होती. म्हणजे समज होती.

जांभळी_शाई

कळवायचं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तेरा. काल दहाव्या दिवशी सोळा.

अडलेली दोन सांगते. ३५२ चं बहुमत अजूनही अर्धंच आलं, पण या वेळी पुढे "अं" लिहिलं होतं. आणि ३५६ ची कमाल मर्यादा: तीन वर्षं आली, एका वर्षानंतरच्या दोन अटींपैकी देशात किंवा भागात राष्ट्रीय आणीबाणी चालू असणं आलं, दुसरी गेली. निवडणूक आयोगाने निवडणूक घेणं अवघड असल्याचं प्रमाणित करणं. मी स्वतःला अर्धा गुण न देता चूक धरलं.

३५६ चं दोन महिन्यांचं घर आता चुकणार नाही. २०१९ ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट १२ नोव्हेंबरला लागली आणि २३ ला उठली, अकरा दिवसांत. मंजुरीची मुदत संपायची वेळच आली नाही. मग १९८० आणि २०१४ पण आठवून बघितले. हे वहीत नव्हतं, जेवताना सुचलं.

मैत्रीण आता रोज मेसमध्ये तीन प्रश्न विचारते, मी तिला तीन. ती भूगोलाची.

एक कबुली: मूलभूत कर्तव्यांचा तक्ता मी परवा पुन्हा काढला. अकरा कर्तव्यं, सुंदर आलाय. न बघता सहा येतात. आणि अर्थशास्त्राची तर अजून पहिलीच वही व्हायचीये, नुसते पुस्तकात खुणा केलेले ४२ पानांचे दोन घटक आहेत. तेही सोडून थेट कोरा कागद घेऊ का?

तळटीप

नाही, अर्थशास्त्राची वही करा. पहिली लागतेच, आणि ती गबाळी चालेल. घटक संपला की एक रात्र जाऊ द्या, मग कागद.

कर्तव्यांपैकी कुठली पाच राहतात तेवढी इथे टाका. तक्ता नको.

खरडवही_१२

ताई, पेनाचं राहिलं.

जांभळी_शाई

साधं बॉलपेन घे रे, निळं. जांभळं मैत्रिणीला दिलं.

राहिलेली पाच: संमिश्र संस्कृतीचा वारसा, पर्यावरण, सार्वजनिक मालमत्ता, उत्कृष्टतेसाठी झटणं, आणि सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी. शेवटचं २००२ च्या ८६व्या दुरुस्तीचं, हे लिहिताना आठवलं. चार वही बघून लिहिली, हे एक न बघता.